गजरी की राणी? अंडरटोन बघताना होणाऱ्या या चुका टाळा

"दुकानात साडी लई भारी दिसत होती ओ, घरी नेसून बघितली तर चेहराच उतरला." हे वाक्य मी आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकते. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आतल्या एका बोळात आमचं मॅचिंग सेंटर आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. रुबियाचे कपाटभर शेड, फॉल, अस्तर आणि दिवसभर हातात साडी घेऊन येणाऱ्या बायका. ब्लाऊजपीस मॅच करता करता एक गोष्ट लक्षात आली, की साडीशी मॅच होणं वेगळं आणि चेहऱ्याशी मॅच होणं वेगळं, आणि दुसऱ्याचा विचार साडीचे पैसे देऊन झाल्यावरच सुरू होतो.

आता सगळ्यांना मोबाईलमुळे वॉर्म अंडरटोन, कूल अंडरटोन हे शब्द माहीत झालेत. वॉर्म म्हणजे कातडीच्या रंगात पिवळसर, सोनेरी झाक, आणि कूल म्हणजे गुलाबी, लालसर नाहीतर निळसर झाक. वॉर्मला पिवळ्याकडे झुकणारे शेड खुलतात आणि कूलला निळ्याकडे झुकणारे, एवढं सोपं आहे. घोळ होतो तो आपली झाक कुठली हे ठरवताना, म्हणून चुका पण तिथल्याच सांगते.

चूक पहिली: गोरं म्हणजे कूल, सावळं म्हणजे वॉर्म

ही सगळ्यात मोठी, आणि हिच्यामुळे पुढचं सगळंच चुकत जातं. गोरं-सावळं ही रंगाची खोली झाली, म्हणजे कातडीत मेलॅनिन किती आहे ते. झाक वेगळी असते, ती कुठल्या प्रकारचं मेलॅनिन किती, त्याखालच्या रक्ताचा लाल रंग किती दिसतोय आणि कातडीत कॅरोटीनचा पिवळेपणा किती, या सगळ्याच्या मिश्रणातून येते. त्यामुळे गोऱ्या बाईचा अंडरटोन पिवळा असू शकतो आणि चांगल्या काळ्यासावळ्या मुलीचा कूल.

खरं सांगायचं तर आपल्या आज्ज्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. केतकी गोरी म्हणायच्या ना? केतकी म्हणजे केवड्यासारखी पिवळसर. आणि दुसरीला लालगोरी म्हणायच्या. दोघी गोऱ्याच, पण झाक वेगळी. सावळ्यात पण कुणाला तांबूस सावळी म्हणतात आणि कुणाच्या सावळेपणात निळसर छटा असते. गव्हाळ मात्र फसवा शब्द आहे, त्यात दोन्हीकडचे लोक येतात. म्हणून काऊंटरवर कुणी "मी गव्हाळ आहे, मला कुठला रंग?" असं विचारलं की माझं उत्तर तयार असतं, दारात उजेडात या मग सांगते.

अजून एक, टॅनिंग म्हणजे अंडरटोन नव्हे. रोज गाडीवरनं कॉलेजला जाणाऱ्या मुलींच्या कपाळाचा रंग एक, स्कार्फखालचा एक आणि हात तर तिसरेच. उन्हाने वरचा रंग गडद होतो, झाक बघायची तर कानामागे, गळ्याला, नाहीतर दंडाच्या आतल्या बाजूला बघा. आणि हळदीच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी अजिबात बघू नका, हळदीचा पिवळेपणा कातडीवर राहतोच. एका नवरीची आई त्याच दिवशी शालूचं ब्लाऊज ठरवायला मुलीला घेऊन आली होती, मी चार दिवसांनी या म्हणून परत पाठवलं.

चूक दुसरी: मनगटाची शीर बघून निकाल लावणं

शीर हिरवी दिसली तर वॉर्म, निळी दिसली तर कूल. सगळ्यात जास्त फिरणारी टेस्ट हीच, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त फसवणारी पण हीच. शिरेतलं रक्त निळं नसतंच, गडद लाल असतं. लाल उजेड कातडीत खोलवर जातो आणि शिरेपाशी शोषला जातो, निळा उजेड वरच्यावरच पसरून परत येतो, म्हणून शीर आजूबाजूच्या कातडीपेक्षा निळसर भासते. वरची कातडी पिवळसर असेल तर तीच निळी हिरवी दिसते, इथवर टेस्टमध्ये तथ्य आहे. पण शीर किती खोल आहे, कातडी जाड की पातळ, यावर पण ते बदलतं, आणि सावळ्या हातावर तर मेलॅनिनच्या थरामुळे शीर दिसली तरी तिचा रंग सांगता येत नाही.

वर अजून एक भानगड आहे, ऑलिव्ह झाक. पिवळ्याच्या जोडीला हलका हिरवट, राखाडी भाव. आपल्याकडे अशी कातडी बऱ्याच जणांची असते. यांची शीर हिरवीच दिसणार, म्हणजे टेस्ट सांगणार वॉर्म, आणि मग बाई भगवी-केशरी साडी घेऊन येते आणि चेहरा मातकट दिसतो. त्यामुळे शीर बघायची तर बघा, मजा म्हणून, पण तिच्यावर साडीचे पैसे लावू नका.

चूक तिसरी: दुकानातल्या उजेडात ठरवणं

हे मी दुकानदाराची सून असून सांगतेय, त्यामुळे ऐका. साड्यांच्या दुकानात आणि सराफाकडे पिवळट लाईट लावलेले असतात, साधारण 3000 केल्विनच्या आसपासचे. त्यात जर उठते, सोनं उठतं आणि आपला चेहरा पण गरम, तजेलदार दिसतो. केल्विन जेवढे कमी तेवढा उजेड पिवळा, एवढंच लक्षात ठेवा. घरातली पांढरी ट्यूब 6500 ची असते, तिच्यात तीच साडी आणि तोच चेहरा निळसर होतो. दिवसाचा मोकळा उजेड कुठलाही रंग विशेष उचलून धरत नाही, म्हणून खरं खोटं तिथंच कळतं.

आणि नुसता चेहराच नाही, कापड पण रंग बदलतं. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे, साडी आणि ब्लाऊजपीस आत काऊंटरवर एकदम सेम, बाहेर रस्त्यावर नेलं की पीस तपकिरी मारतोय आणि साडी लाल मारतेय. याला मेटॅमेरिझम म्हणतात. दोन कापडांचे डाय वेगळे, ते एका उजेडात एकसारखे दिसतात आणि उजेड बदलला की वेगळे पडतात. म्हणून सासरे कुणालाही पीस कापून द्यायच्या आधी दारात नेऊन दाखवायचे, आता मी पण तेच करते. मग ब्लाऊजसाठी आपण दारापर्यंत जातो तर ज्या चेहऱ्यासाठी साडी घ्यायची तो का नेत नाही? दुकानदाराला सांगायचं, साडी जरा दारात बघते, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही, आणि कुणी फारच कुरकुर केली तर निदान दिवसाउजेडी जा, रात्री आठला जाऊन ठरवू नका.

फोटोचं पण असंच. मोबाईलचा कॅमेरा स्वतःच पांढरा रंग कुठला ते ठरवतो आणि फ्रेममध्ये पिवळी साडी आली की बाकी सगळं निळसर करून टाकतो, त्यात ब्युटी मोड चालू असला तर कातडीची झाकच पुसली जाते. फोटो काढूनच बघायचं असेल तर ब्युटी मोड बंद, जागा एकच, आणि फ्रेममध्ये प्रत्येक वेळी तोच एक पांढरा कागद ठेवायचा. दोन फोटोंत कागद वेगळ्या रंगाचा दिसला तर ते फोटो एकमेकांशी तुलना करायच्या कामाचे नाहीत.

आता आमच्या वन्संची गोष्ट

वन्संचा साखरपुडा ठरला. संध्याकाळी त्या आणि सासूबाई जाऊन साडी घेऊन आल्या, गजरी रंगाची सिल्क, सोनेरी जरीचा काठ. गजरी म्हणजे गाजराकडे झुकणारा गुलाबी, केशरी भाव असलेला. रात्री घरी सगळ्यांनी वा वा केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं पदर खांद्यावर टाकून आरशासमोर उभ्या, आणि म्हणाल्या, "वहिनी, मी आजारी दिसायलोय का?" खरंच दिसत होत्या. डोळ्याखालची वर्तुळं गडद, ओठांच्या कडा काळपट, आणि हनुवटीखाली एक पिवळट सावली. सासूबाई म्हणाल्या, मेकअप केल्यावर होईल बरोबर. मी म्हटलं थांबा, आधी बघू.

वन्सं गोऱ्या आहेत, पण केतकी गोऱ्या नाहीत, उन्हात गेलं की गाल लाल होणाऱ्यातल्या. मी दुकानातनं रुबियाच्या चार जोड्या आणल्या. गुलाबीत गजरी आणि राणी. लालमध्ये टोमॅटो लाल आणि डाळिंबी. हिरव्यात मेंदी आणि बॉटल ग्रीन. आणि पांढऱ्यात एक कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा, दुसरा सासऱ्यांचा नीळ घातलेला सदरा. ही शेवटची जोडी घरी कुणालाही करता येते, मांजरपाट कोरं असतं म्हणून मलईसारखं पिवळसर पांढरं, आणि नीळ घातलेलं कापड निळसर पांढरं.

सकाळी दहाच्या सुमाराला गॅलरीत स्टूल ठेवलं, जिथं ऊन थेट पडत नाही पण उजेड भरपूर आहे. चेहरा धुवून पुसलेला, पावडर नाही, काजळ नाही. केस मागं बांधले. कानातलं, गळ्यातलं सोन्याचं सगळं काढायला लावलं, कारण सोनं स्वतःच वॉर्म, ते निकालात ढवळाढवळ करतं. अंगातला ड्रेस पिवळा होता, तो राखाडी टॉवेलने झाकला. मग एक एक तुकडा हनुवटीखाली, जोडीतले दोन पाठोपाठ, एकेक दहा सेकंद, मध्ये थोडी नजर भिंतीवर.

इथं एक चूक सगळे करतात, कापडाकडे बघतात. कापड छान आहे का हा प्रश्नच नाही, कापडाकडे बघायचंच नाही, चेहऱ्यावर चार जागा बघायच्या: डोळ्याखाली, नाकाच्या बाजूच्या रेघा, ओठांची कड आणि जबड्याची रेघ. चुकीच्या शेडला तिथल्या सावल्या वाढतात, बरोबर शेडला चेहरा एकसारखा दिसतो आणि आधी डोळे दिसतात, कापड नंतर.

गजरी लावली, सावल्या आल्या. राणी लावली, गेल्या. एवढा फरक की सासूबाई स्वयंपाकघरातनं हात पुसत बघायला आल्या. टोमॅटो लालला गाल डागाळल्यासारखे, डाळिंबीला साफ. मेंदीत तोंड पिवळं पडलं, बॉटल ग्रीनमध्ये गोरेपणा उठला. पांढऱ्या जोडीत मात्र फार फरक दिसला नाही, नीळवालं किंचित बरं. चारपैकी तीन जोड्या स्पष्ट एका बाजूला, म्हणजे वन्सं कूल, पण अगदी टोकाच्या नाहीत. चारही जोड्यांत फरक दिसलाच पाहिजे असा हट्ट धरायचा नाही.

हे असं का होतं? दोन गोष्टी एकदम होतात. एक, कापडावरनं उजेड उसळून हनुवटीच्या आणि जबड्याच्या खालच्या भागावर पडतो, म्हणून गजरी सिल्कची पिवळट-केशरी सावली तिथं दिसली. चमकदार कापड असलं की ते जास्त, सुती रुबियात कमी, त्यामुळे रुबियावर पास झालेला शेड सिल्कमध्ये घेताना एकदा परत बघावा. दुसरी गोष्ट डोळ्यांची, शेजारी शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना विरुद्ध बाजूला ढकलतात. मिशेल शेव्रल नावाचा फ्रेंच केमिस्ट पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता, तिथं तक्रार यायची की काळा रंग नीट बसत नाही, फिका पडतोय. त्याने तपासलं तर डाय व्यवस्थित होता, शेजारच्या धाग्याचा रंग काळ्याला बिघडवत होता. 1839 मध्ये त्याने हे सगळं छापलं. आमच्या काऊंटरवर "हा पीस फिका आहे ओ" अशी तक्रार येते तेव्हा दहातल्या पाच वेळा हेच असतं. आणि चेहऱ्यावर आधीच थोडा लाल, थोडा निळसर, थोडा तपकिरी असे सगळे भाग असतात, त्यातला कुठला उठून दिसायचा आणि कुठला दबायचा हे गळ्याजवळचं कापड ठरवतं.

चूक चौथी: अख्खा रंगच बाद करणं

"मला हिरवा शोभतच नाही." असं कुणी म्हटलं की मी मुद्दाम हिरवे दहा पीस काढते. मेंदी, शेवाळी, पोपटी हे पिवळ्याकडे झुकणारे हिरवे. बॉटल ग्रीन, रामा ग्रीन, मोरपंखी हे निळ्याकडे झुकणारे. प्रत्येक रंगात दोन्ही बाजू आहेत. लालमध्ये विटकरी आणि टोमॅटो इकडे, डाळिंबी आणि वाईन तिकडे. पिवळ्यात पण हळदी आणि मोहरी पिवळा इकडे, लिंबू तिकडे. जांभळ्यात तांबूस वांगी रंग इकडे, निळसर जांभळा तिकडे. फक्त केशरी असा आहे की त्याला कूल बाजू जवळजवळ नाही, तो वॉर्मच.

या चुकीचीच दुसरी बाजू म्हणजे तुलना करताना खोली बदलणं. फिका पिस्ता आणि गडद बॉटल ग्रीन लावून बघितलं आणि म्हणालं कूल चांगलं दिसतं, तर ते कदाचित कूलपेक्षा गडद म्हणून चांगलं दिसत असेल. सावळ्या मुलींचं असं फार होतं, त्यांच्यावर फिके, दुधाळ रंग राखट दिसतात आणि दोष अंडरटोनला दिला जातो. जोडी घ्यायची ती सारख्याच गडदपणाची, सारख्याच भडकपणाची, फक्त झाक वेगळी. कळत नसेल तर दोन्ही तुकड्यांचा एकत्र फोटो काढून ब्लॅक अँड व्हाईट करा, दोन्ही सारखेच राखाडी दिसले तर जोडी बरोबर.

फुकटात सराव करायचा असेल तर नवरात्रातले नऊ रंग. केशरीच्या दिवशी अख्खं ऑफिस केशरी घालून गच्चीवर ग्रुप फोटो काढतं ना, तो फोटो उघडून फक्त चेहरे बघा. कुणाच्या तोंडावर तेज आलंय आणि कुणी उपास धरल्यासारखी दिसतेय, दोन मिनिटांत कळतं, अर्थात खरंच उपास धरलेल्या सोडून.

साडी घेऊन झाली, आता काय?

वन्संची साडी परत करायची नव्हती, कापून फॉल लावायला टाकलेली, आणि सासूबाईंना रंग आवडलेला. इथं लोक साडीच बदलायच्या मागं लागतात, पण चेहऱ्यावर परिणाम करणारं कापड साधारण वीतभरच असतं, हनुवटीपासून छातीपर्यंत. कमरेखाली कुठला पण रंग असू दे, चेहऱ्याला काही फरक पडत नाही.

म्हणून गजरीला गजरीच ब्लाऊज द्यायचा बेत रद्द केला. राणी रंगाचं ब्रोकेड घेतलं, तसं पण गजरी-राणी ही जोडी आपल्याकडे जुनी आहे. गळा टेलरकडनं फार खोल नाही घेतला, कारण खोल गळ्यात ब्लाऊज चेहऱ्यापासून लांब जातं आणि उपयोग कमी होतो. पदराच्या निऱ्या बारीक काढून खांद्याच्या कडेला पिन केल्या म्हणजे गळ्याशी राणीच दिसेल, गजरी बाजूला. काठाची सोनेरी जर गळ्याला चिकटून येत होती, ती पण निऱ्यांत आत गेली. साज मात्र घालायचाच होता, कोल्हापुरात साखरपुड्याला साज नाही घातला तर उलट चर्चा होईल. सोनं वॉर्म असलं तरी ते बारीक असतं, पसरट कापडासारखी त्याची सावली पडत नाही. लिपस्टिक गुलाबी-वाईनकडची लावली, कोरल नाही.

ज्यांना उलटा प्रॉब्लेम आहे, म्हणजे झाक वॉर्म आणि हातात आलीय राणी किंवा रॉयल ब्लू साडी, त्यांनी हेच उलटं करायचं. मोहरी, विटकरी नाहीतर जुन्या सोन्याच्या रंगाचं ब्लाऊज, आणि जरीचा काठ असेल तर तो गळ्याशी येऊ द्यायचा. ड्रेसवाल्यांनी ओढणी बदलायची, शर्टवाल्या पुरुषांना कॉलरच असते त्यामुळे त्यांनी शर्टच नीट बघून घ्यावा. आमचे हे खाकी-बिस्किट शर्ट घालून वर्षानुवर्षं थकलेले दिसायचे, दोष कामाला जायचा.

टेस्टमध्ये दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या तर काय? सासूबाईंचं तसंच झालं, त्यांनी पण हौसेनं स्टुलावर बसून घेतलं आणि एकाही जोडीत फरक दिसेना. त्या न्यूट्रल. अशा लोकांनी झाक सोडून द्यावी आणि गडद-फिकं, भडक-मंद एवढंच बघावं. आणि एक कबूल करते, आपल्या सगळ्यांचीच कातडी मुळात नारिंगी-तपकिरीच आहे, त्यात कुणी थोडं लालकडे, कुणी थोडं पिवळ्याकडे. वॉर्म-कूल हे शेजाऱ्याच्या तुलनेत असतं. वजनासारखा आकडा येत नाही, म्हणून मधल्या लोकांना कुणी छातीठोकपणे समर, ऑटम अशी ऋतूंच्या नावांची लेबलं चिकटवली तर फार मनावर घेऊ नका.

साखरपुडा झाला, आता लग्नाची अष्टपुत्री येईल मामाकडून, आणि ती पिवळीच असणार, तिथं चॉईस नाही. मी मामींना आधीच फोन करून ठेवलाय, हळदी पिवळा नको, लिंबाकडचा बघा, आणि काठ लाल असेल तर टोमॅटो लाल नको, डाळिंबी बघा. मामी म्हणाल्या, "अगं पिवळी ती पिवळी, त्यात काय बघायचं?" आता सोमवारी दुपारी त्यांना घेऊनच जाणार आहे, उजेड असताना.